नऊने गुणायचं पाणी : उतारावरून वाहून जाणारी माती मोजायची कशी

आर्द्रा नक्षत्रात एका रात्री ६२ मिलिमीटर पाऊस झाला असं धरू. सकाळी शेतकरी बांधावर येऊन बघतो. बांध फुटलेला नाही, कुठे घळ पडलेली नाही, कपाशीची रोपं जागच्या जागी उभी आहेत. "काही गेलं नाही," असं म्हणून तो निवांत घरी जातो. प्रत्यक्षात त्याच रात्री त्याच्या एकरातून जवळजवळ एक टन माती गेलेली असू शकते. एवढी माती गेली तर दिसली कशी नाही? एक टन माती एकरभर सारखी पसरली तर तिची जाडी भरते ०.१९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीची दोन पानं एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी. कुठल्याही अनुभवी नजरेला शेत दोन पानांनी खाली गेलेलं कळणार नाही.

म्हणून ही माती शेतात शोधायची नाही. शेताचा एक तुकडा चारी बाजूंनी बंद करायचा, त्यावर पडलेलं आणि वाहिलेलं सगळं पाणी खालच्या टोकाला एका टाकीत धरायचं, आणि टाकीत काय आलं ते मोजायचं. याला अपधाव प्लॉट म्हणतात. अपधाव म्हणजे जमिनीत न मुरता वरून वाहून गेलेलं पाणी. कल्पना पोरखेळाइतकी सोपी आहे. पण मी साक्री तालुक्यातल्या एका बरड उतारावर असे सहा प्लॉट उभे करण्याच्या कामात होतो आणि पहिलं वर्ष आमचं निव्वळ चुका निस्तरण्यात गेलं. त्या अनुभवावरून हे लिहितोय.

आम्हाला तीन प्रकारच्या जमिनींची तुलना करायची होती : तण काढून मुद्दाम उघडी ठेवलेली, कपाशीची आणि मारवेल गवताची. उघडी जमीन कुणी कसत नाही, मग ती कशाला, असं गावात बरेच जण विचारायचे. ती मोजपट्टीचा शून्य आहे. पाऊस आणि उतार मिळून जास्तीत जास्त किती माती नेऊ शकतात ते तिच्यावरून कळतं. बाकीच्यांनी त्यातलं किती वाचवलं ते मग सांगता येतं.

कपाशीबद्दल आधीच थोडं सांगायला हवं, कारण खानदेशात हाच प्रश्न कळीचा आहे. कोरडवाहू कपाशी मृगाचा पाऊस झाल्यावर टोबली जाते, ओळींत तीन-चार फुटांचं अंतर असतं. जुलैत पावसाचा जोर असतो तेव्हा रोपं वीतभर असतात आणि दोन ओळींमधली जमीन कोळपून मोकळी केलेली. कागदावर ते पिकाखालचं क्षेत्र, पण पावसाच्या थेंबाला ते उघडंच. पऱ्हाटी ओळी झाकते ती ऑगस्टात. उलट ठिबकवर मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी जुलैपर्यंत बरीच पसरलेली असते. तेव्हा नोंदवहीत नुसतं 'कपाशी' लिहून भागत नाही. लागवडीची तारीख लिहायची आणि दर पंधरवड्याला किती जमीन झाकली गेली तेही मोजायचं. त्यासाठी आम्ही दहा मीटरची सुतळी घेतली आणि तिला दर दहा सेंटिमीटरवर एक अशा शंभर गाठी मारल्या. प्लॉटवर ती तिरपी ताणायची आणि किती गाठींच्या खाली किंवा वर पान आहे ते मोजायचं. बावीस गाठी आल्या तर बावीस टक्के झाकण. मोबाइलवर वरून फोटो काढूनही हे करता येतं, पण वाऱ्यात आणि उन्हाच्या सावल्यांत सुतळीच बरी.

आता प्लॉटचं माप. जगभर यासाठी २२.१३ मीटर लांबीचा प्लॉट प्रमाण मानला जातो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे अमेरिकेतली साधी सोय आहे. तिथे प्लॉट सहा फूट रुंद आणि ७२.६ फूट लांब केले, कारण त्याचं क्षेत्रफळ बरोबर एकराच्या शंभराव्या भागाएवढं होतं. ज्यांना जमिनीची धूप किती होते ते काढायच्या प्रचलित समीकरणात आपले आकडे बसवायचे आहेत, त्यांनी हीच लांबी घ्यावी. आम्हाला आपसात तुलना करायची होती, म्हणून २० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असे प्लॉट घेतले. क्षेत्रफळ १०० चौरस मीटर. त्याचा फायदा असा की एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर, हे भर पावसात उभं राहूनही तोंडी करता येतं.

मापापेक्षा उतार महत्त्वाचा. सगळे प्लॉट एकाच उताराचे, एकाच मातीचे हवेत. आम्ही चार टक्के उताराचा पट्टा निवडला. वीस मीटरात ८० सेंटिमीटर उतार, पाण्याच्या नळीने मोजलेला. एका प्लॉटला तीन टक्के आणि शेजारच्याला पाच असेल, तर नंतर फरक गवतामुळे पडला की उतारामुळे हे कुणीही सांगू शकणार नाही. कुठल्या प्लॉटवर काय लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. हेही गावात हास्यास्पद वाटलं. पण आपण ठरवायला बसलो की चांगल्या जागेवर गवत लावायचा मोह होतोच.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट टाळली, ती म्हणजे तापीकाठची खोल काळी जमीन. तिथेही धूप होते, पण तिथे हा प्लॉट बसवणं अवघड. उन्हाळ्यात त्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. प्लॉटची कड करायला आपण पत्रा पुरतो तो पंधरा सेंटिमीटर खोल. भेग जाते त्याच्या कितीतरी खाली. पहिल्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि पत्र्याखालून शेजारच्या प्लॉटमध्ये किंवा बाहेर जातं. त्यात ती माती फुगते आणि आकसते, त्यामुळे पत्रे आणि टाक्या दरवर्षी हलतात. बरड किंवा मध्यम काळ्या जमिनीत, खाली मुरूम लागतो तिथे, ही डोकेदुखी बरीच कमी.

कडेला मातीचा बांध घालू नये. बांधाचीच माती धुपून टाकीत येते आणि आपण ती शेताची म्हणून मोजतो. तीस सेंटिमीटर रुंदीचा जस्ती पत्रा घेऊन निम्मा जमिनीत आणि निम्मा वर ठेवायचा, म्हणजे थेंब आपटून उडालेली मातीही पलीकडे जात नाही. जोडांवर पत्रे एकमेकांवर चढवायचे. प्लॉटांच्या वरच्या बाजूला एक चारी काढून डोंगराचं पाणी बाजूला वळवायचं. ही चारी दर पावसानंतर बघावी लागते. ती गाळाने भरली की वरचं पाणी थेट प्लॉटमध्ये शिरतं.

खालच्या टोकाला पाणी गोळा करणारी पन्हाळ असते. या सगळ्या बांधकामात मला सर्वांत नाजूक जागा कोणती विचाराल तर मी पन्हाळीची ओठाकडची कड सांगेन. माती संपते आणि पन्हाळ सुरू होते तिथे दोन्हींची पातळी तंतोतंत एक हवी. ओठ बोटभर वर राहिला तर त्याच्यामागे पाणी तुंबतं, गाळ तिथेच बसतो आणि टाकीत कमी माती येते. ओठ खाली राहिला तर उलटं होतं : पाणी तिथून धबधब्यासारखं पडतं, कड कोरत जातं, आणि महिन्याभरात वरच्या बाजूला सरकत जाणारी घळ तयार होते. मग टाकीत जी माती येते ती पावसाने नव्हे, आपल्या बांधकामाने पाडलेली असते. तिसरा प्रकार तर दिसतही नाही. पाणी ओठाखाली शिरून पन्हाळीच्या बुडाखालून निघून जातं. यासाठी ओठाखाली सिमेंटचा छोटा पट्टा घातला आणि पाऊस सुरू होण्याआधी ओठाजवळ बादल्यांनी पन्नास लिटर पाणी सोडून टाकीत पन्नास येतात का ते बघितलं. सहापैकी दोन ठिकाणी आले नाहीत.

आता टाक्यांकडे येऊ. टाकी किती मोठी हवी? एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला साठ टक्के वाहिला असं धरलं तर ६० मिलिमीटर, म्हणजे ६००० लिटर पाणी एका प्लॉटमधून येतं. सहा प्लॉटांना सहा हजार लिटरच्या सहा टाक्या, त्याही जमिनीत पुरून? खर्चही परवडत नाही आणि तळाचा गाळ ढवळताही येत नाही. म्हणून सगळं पाणी साठवायच्या भानगडीत न पडता त्याचा ठरावीक हिस्सा साठवतात.

पहिली टाकी आम्ही एक मीटर लांब, एक मीटर रुंद, साठ सेंटिमीटर उंच अशी पत्र्याची बनवून घेतली. तिच्या समोरच्या भिंतीला पन्नास सेंटिमीटर उंचीवर नऊ सारख्या उभ्या खाचा, प्रत्येक तीन सेंटिमीटर रुंद. पन्नास सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे ५०० लिटरपर्यंत पाणी याच टाकीत साठतं. त्यानंतर ते नऊ खाचांतून सारखं वाहतं. आठ खाचांचं पाणी बाहेर नाल्यात सोडून द्यायचं, मधल्या पाचव्या खाचेचं फक्त दुसऱ्या टाकीत घ्यायचं. दुसऱ्या टाकीत एक लिटर आलं म्हणजे पहिलीतून नऊ लिटर बाहेर पडले. दुसरी टाकी ७५० लिटरची. तिला नऊने गुणून त्यात पहिलीचे ५०० मिळवले की ७२५० लिटर, म्हणजे साडेबहात्तर मिलिमीटर अपधाव या दोन लहान टाक्यांत मोजता येतो. दोन्ही टाक्यांचा तळ एक चौरस मीटर ठेवल्यामुळे एक सेंटिमीटर खोली म्हणजे दहा लिटर. लोखंडी पट्टी बुडवली की हिशेब झाला.

खाचा नऊच का, आठ किंवा दहा का नाहीत? संख्या विषम असली की बरोबर मध्ये एक खाच येते, आणि मधलीच घ्यायची त्याला कारण आहे. कडेच्या खाचांना टाकीच्या भिंतीचा अडथळा होतो. शिवाय टाकी जराशी एका बाजूला कलली तर एका कडेच्या खाचांतून जास्त आणि दुसऱ्या कडेच्या खाचांतून कमी वाहतं. मधली साधारण सरासरीवर राहते. पण हा आधार मोठ्या पाण्यालाच मिळतो. पाण्याची पातळी खाचेच्या जेमतेम वर असेल तर कललेल्या टाकीत फक्त खालच्या बाजूच्या तीन-चार खाचा वाहतात आणि मधली कोरडी राहते. म्हणजे बारीक पावसात दुसरी टाकी रिकामी, आणि नोंदवहीत शून्य. त्यामुळे खाचांच्या रांगेवर गवंड्याची पाणसळ ठेवून ती रेष नेमकी आडवी बसवायची, आणि पावसाळ्यात दोनदा-तीनदा तपासायची.

कागदावरच्या नऊवर विश्वास ठेवू नका. पहिली टाकी खाचेपर्यंत भरून घ्या, मग मोजून ४५० लिटर पाणी तिच्यात सोडा. दुसऱ्या टाकीत ५० लिटर यायला हवेत. ५८ आले तर तुमचा गुणक नऊ नाही, ४५० भागिले ५८, म्हणजे ७.७६ आहे. त्या टाकीवर तोच आकडा रंगाने लिहून टाका. हीच चाचणी हळू धारेने आणि जोराच्या धारेने वेगवेगळी करायची, कारण दोन्हींत गुणक थोडा वेगळा निघू शकतो.

आमच्या एका टाकीचं मात्र पाणसळीने काही सुधारलं नाही. पुनर्वसूत एका सकाळी आमच्या आधी पोहोचलेला रखवालदार उतारावरूनच ओरडत आला, "दादा, टाकी वर उनी!" जाऊन बघतो तर दुसरी टाकी खरोखरच खड्ड्यातून वर आलेली, तिरपी होऊन अडकलेली. खड्ड्यात बाहेरून पाणी शिरलं होतं. ७५० लिटरची ती पत्र्याची टाकी दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात साधारण ६३ किलोची होते. तळ एक चौरस मीटर. त्यामुळे खड्ड्यात सात सेंटिमीटर पाणी साचलं की ती रिकामी टाकी होडीसारखी तरंगते. एवढा साधा हिशेब बांधताना कुणाच्याही डोक्यात आला नव्हता, आणि मी तेव्हा दोष वेल्डिंगवाल्यावर ढकलून मोकळा झालो होतो. नंतर प्रत्येक खड्ड्याच्या तळातून उताराकडे पाइप काढून दिला आणि टाक्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या गजांना बांधल्या.

पाऊस झाल्यावरची सकाळ कशी जाते ते आता एका प्लॉटवर बघू. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले नमुन्याचे आहेत. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचला : ६२ मिलिमीटर. आपल्या १०० चौरस मीटरवर ६२०० लिटर पडले. कपाशीच्या प्लॉटची पहिली टाकी खाचेपर्यंत भरलेली, म्हणजे ५०० लिटर. दुसरीत पट्टी बुडवली तर १८.५ सेंटिमीटर, म्हणजे १८५ लिटर. त्याला नऊने गुणलं : १६६५. एकूण २१६५ लिटर, म्हणजे २१.६५ मिलिमीटर. पडलेल्या पावसातला ३५ टक्के वाहून गेला.

पाणी मोजणं हे सोपं काम. मातीसाठी चिखलात हात घालावे लागतात. पहिल्या टाकीत जाड कण तळाशी बसलेले असतात आणि काळ्या मातीचे अतिबारीक कण वर तरंगत असतात. ते दोन-दोन दिवस खाली बसत नाहीत. अनेक जण काठीने टाकी ढवळतात आणि एक लिटरची बाटली भरून घेतात. इथे मोठी फसगत आहे. वाळूचे कण ढवळणं थांबताच काही सेकंदांत खाली जातात, त्यामुळे बाटलीत गढूळ पाणी येतं आणि खरी जड माती तळाशीच राहते. ढवळणारा तगडा असेल तर आकडा वेगळा, दमलेला असेल तर वेगळा. म्हणून जिथे गाळ जास्त आहे तिथे ढवळायचं नाही. आधी वरचं गढूळ पाणी तीन वेगवेगळ्या खोलींवरून नमुन्याला घ्यायचं, मग ते तळापासून जरा वर बसवलेल्या तोटीने सोडून द्यायचं आणि उरलेला चिखल खरवडून घमेल्यांत काढून तोलायचा. पन्हाळीत बसलेला गाळही झाडून त्यातच घ्यायचा.

आपल्या नमुन्यात हा चिखल भरला ३० किलो. तो नीट कालवून त्यातला ५०० ग्रॅम घेतला आणि भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवला. उरले २९० ग्रॅम. म्हणजे ५८ टक्के कोरडी माती, ३० किलोत १७.४ किलो. वरच्या ४८० लिटर गढूळ पाण्यात लिटरला ४ ग्रॅम निघाले, ते १.९ किलो. दुसऱ्या टाकीत पोहोचते ती बारीकच माती, तिथे ढवळून नमुना घेतला तरी चालतं : लिटरला ३ ग्रॅम, १८५ लिटरांत ५५५ ग्रॅम, गुणिले नऊ, पाच किलो. तिन्ही मिळून २४.३ किलो. शंभर चौरस मीटरला एवढी, तर हेक्टरला २४३० किलो आणि एकराला जवळजवळ एक टन. सुरुवातीचा एक टन आणि दोन पानांची जाडी आली ती इथून.

बाटल्यांबद्दल एक छोटी सूचना. प्लॉट, टाकी आणि तारीख बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं धुताना बदलतात. गढूळपणा लवकर खाली बसावा म्हणून बाटलीत किंचित तुरटी टाकता येते, पण त्याच पाण्यातलं खत किंवा अन्नद्रव्य तपासायचं असेल तर ती बाटली वेगळी ठेवा.

त्याच रात्री गवताच्या प्लॉटची पहिली टाकी समजा ३४ सेंटिमीटरवर थांबली. ३४० लिटर, म्हणजे ३.४ मिलिमीटर अपधाव, आणि लिटरला ०.६ ग्रॅम या हिशेबाने माती फक्त दोनशे ग्रॅम. उघड्या प्लॉटवर २९ मिलिमीटर अपधाव आणि ४१ किलो माती. या तीन ओळी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते, जी अशा मोजणीत नेहमी दिसते. उघड्या जमिनीवरून कपाशीकडे गेलं तर पाणी थोडंच घटतं, माती त्याहून जास्त घटते. गवताकडे गेलं तर पाणी आठ-नऊ पटीने कमी होतं, पण माती दोनशे पटीने. कारण माती सुटी करतो तो थेंबाचा मार, आणि तो गवत आधीच झेलतं. शिवाय जे थोडं पाणी वाहतं त्याचा वेगही गवताची बुडखी मोडून टाकतात. म्हणून गवताच्या प्लॉटमधून येणारं पाणी बरेचदा जवळजवळ नितळ असतं.

या हिशेबात नऊचा आकडा कसा दगा देतो ते झाकणावरून कळतं. दुसऱ्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं आणि ६२ मिलिमीटर पाऊस थेट तिच्यात पडला असं समजा. तळ एक चौरस मीटर, तेव्हा ६२ लिटर जास्त. ते नऊने गुणले की ५५८ लिटर. अपधाव २१.६५ ऐवजी २७.२ मिलिमीटर दिसेल, ३५ टक्क्यांचा ४४ टक्के होईल. वहीत हे कुठेच खटकणार नाही, कारण ४४ टक्केही अगदी शक्य वाटतं. दुसरीकडे उघड्या पन्हाळीत तेवढेच ६२ लिटर पडले तर कपाशीच्या २१६५ लिटरांत ते किरकोळ, पण गवताच्या ३४० लिटरांत जवळजवळ पाचवा हिस्सा. म्हणजे एकच चूक चांगल्या झाकलेल्या जमिनीचा आकडा सर्वांत जास्त बिघडवते. पन्हाळीवर पत्र्याचं छप्पर घाला आणि झाकणांना कडी लावा.

चूक झाली आहे हे ओळखायच्या काही खुणा आहेत. अपधाव पावसापेक्षा जास्त भरला तर वरची चारी फुटली आहे, शोधायला दुसरीकडे जाऊ नका. एकाच प्रकारच्या दोन प्लॉटांत दुप्पट फरक पडला तर आधी कमी आकड्याच्या प्लॉटवर संशय घ्या, कारण गळती जास्त वेळा घडते; पन्हाळीखालची ओली माती सांगेल. पहिली टाकी खाचेच्या वर दोन बोटं भरून राहिली असेल तर खाचा पालापाचोळ्याने बंद झाल्यात. कपाशीची पानं, धसकटं अडवायला टाकीच्या तोंडाशी जाळी लावतात, पण ती जाळीही दर पावसानंतर झाडावी लागते. आणि दुसरी टाकी काठोकाठ भरून वाहिली असेल तर त्या दिवशीचा आकडा खोडू नका, अंदाजाने वाढवूही नका. त्यापुढे 'किमान' लिहा.

पावसाचा एकूण आकडा पुरत नाही हेही आम्हाला उशिरा उमगलं. दिवसभर झड लागून ६२ मिलिमीटर पडला आणि दीड तासात ६२ पडला, तर टाकीत आकाशपाताळाचा फरक दिसतो. झडीत बरंचसं पाणी मुरून जातं आणि थेंबही बारीक असतात. म्हणून साध्या पर्जन्यमापकाशेजारी आपोआप नोंद करणारा एक यंत्रमापक हवा, दर काही मिनिटांचा पाऊस देणारा. सहा प्लॉटांना एक पुरतो.

या प्लॉटांना काय कळत नाही तेही सांगतो. पाच मीटर रुंदीत आडवी, उताराला काटकोनात नांगरट किंवा पेरणी नीट बसत नाही. सरी दोन्ही टोकांना पत्र्याला आपटते आणि पाणी पत्र्याच्या कडेने खाली धावतं. त्यामुळे आडव्या मशागतीने किती माती वाचते हे इथे मोजायला जाऊ नये, त्याला मोठं क्षेत्र लागतं. तसंच वीस मीटरच्या तुकड्यात मोठी घळ तयार होत नाही, आणि खऱ्या शेतात सुटलेली माती खालच्या बांधाशी, सखल कोपऱ्यात थांबते तीही इथे थांबत नाही. म्हणून टाकीतला आकडा गावाच्या क्षेत्रफळाने गुणून पांझरेत किंवा हतनूरच्या धरणात एवढा गाळ गेला, असं कुणी सांगू लागलं तर मानू नका. प्लॉट सांगतो ते एवढंच की एकाच पावसात, एकाच उतारावर, कुठल्या जमिनीने किती धरलं.

पहिल्या वर्षीचे आकडे आम्ही तुलनेत घेतले नाहीत. पत्रे पुरताना, खड्डे काढताना जमीन उकरलेली होती, गवताची मुळंही धरलेली नव्हती. त्या वर्षी गवताच्या प्लॉटमधूनही गढूळ पाणी आलं. त्यानंतर निदान तीन पावसाळे मोजायचे असं ठरलं, कारण वर्षाच्या धुपेतला मोठा वाटा एक-दोन रात्रींतच येतो आणि अशी रात्र दरवर्षी येतेच असं नाही. दुसऱ्या वर्षी ती आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या रात्री आली. सकाळी गेलो तर उघड्या प्लॉटची दुसरी टाकी भरून वाहिलेली, आणि वहीत त्या ओळीपुढे 'किमान' लिहिलेलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्या दोन उघड्या प्लॉटांना तिसरी टाकी बसवली.